तेवीस लाखांचे सत्तेचाळीस लाख

२०१५च्या जुलैमध्ये, मुलगी सहावीत असताना, मी नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका सल्लागाराकडे गेले होते. तिला पुढे अमेरिकेत एमएस करायचं म्हटलं तर किती लागतील, एवढंच विचारायचं होतं. त्याने एका सरकारी विद्यापीठाची फी काढून दाखवली: वर्षाला १८,००० डॉलर, दोन वर्षांची ३६,०००. डॉलर तेव्हा साडेत्रेसष्टच्या आसपास होता. कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून तो म्हणाला, "मॅडम, तेवीस लाख. दहा वर्षं आहेत हातात."

मी सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. घरी येऊन हिशोब मांडला. आवर्ती ठेवीवर कर जाऊन साडेसहा टक्के धरले, तर महिना साडेतेरा हजारांत दहा वर्षांनी जवळपास तेवीस लाख होत होते. जमण्यासारखं होतं. ह्यांनाही पटलं. दुसऱ्या दिवशी बँकेत जायचं ठरलं.

त्या रविवारी पिंपळगावहून दीर आले होते. त्यांची द्राक्षं दरवर्षी कंटेनरने नेदरलँड्सला जातात, त्यामुळे परकीय चलन आमच्या घरात फक्त त्यांनाच नीट कळतं. कागद बघून त्यांनी विचारलं, "वहिनी, हा भाव कधीचा?"

"आजचा."

"फी?"

"तीही आजचीच."

"मग फी आजच भरून टाका की!"

हसण्यावारी गेलं, पण रात्री मी तो कागद पुन्हा काढला. रोज दुसऱ्यांचे हिशोब तपासणारी मी, आणि दहा वर्षांनंतरची फी आजच्या भावाने मांडली होती. त्यातही एक नाही, दोन गोष्टी आज होत्या तिथेच थांबलेल्या धरल्या होत्या.

विद्यापीठ दरवर्षी फी वाढवतं. मी तीन विद्यापीठांच्या जुन्या फी-पत्रकांवरून बघितलं, तर वाढ तीन ते पाच टक्क्यांच्या मध्ये फिरत होती. मी चार धरली. त्यावर डॉलर रुपयाच्या तुलनेत महागतो, तो तीन टक्क्यांनी धरला. इथे मला वाटलं होतं की चार अधिक तीन म्हणजे सात. पण वाढलेल्या फीवर वाढलेला भाव लागतो, म्हणून गुणाकार करायचा: १.०४ गुणिले १.०३, म्हणजे १.०७१२. वर्षाला सात टक्के आणि वर थोडं. हे 'थोडं' दहा वर्षांत पन्नास-पंचावन्न हजारांच्या घरात जातं. शीटमध्ये सूत्र असं होतं, ज्यात A2 म्हणजे २०१५पासून किती वर्षं झाली तो आकडा:

```
=18000*1.04^A2*63.5*1.03^A2
```

A2 मध्ये १० टाकलं की २०२५ची फी येत होती २६,६४४ डॉलर, भाव ८५.३४, म्हणजे २२ लाख ७४ हजार. ११ टाकलं की दुसऱ्या वर्षाचे २४ लाख ३६ हजार. एकूण ४७ लाख दहा हजार. सल्लागाराच्या तेवीस लाखांचे दुपटीहून जास्त. त्याने खोटं काही सांगितलं नव्हतं म्हणा, फक्त त्याचा आकडा त्या दिवसापुरताच खरा होता.

आणि आवर्ती ठेव साडेसहा टक्क्यांनी वाढणार, फी रुपयांत सात टक्क्यांनी. म्हणजे आज पूर्ण रक्कम हातात असती आणि ती ठेवीत टाकली असती, तरी दहा वर्षांनी ती फीच्या मागेच राहिली असती.

हे ३ टक्के कुठून आले, ते सांगायला हवं. सगळ्यात जास्त वेळ मी त्यावर घालवला आणि सगळ्यात मोठी फसगतही तिथेच होते. मी डॉलरचे जुने भाव घेऊन बसले. २००५च्या मध्यापासून मोजलं, तेव्हा डॉलर साडेत्रेचाळीसच्या आसपास होता, तर दहा वर्षांत वर्षाला जवळपास पावणेचार टक्के वाढ निघते. २००७च्या अखेरीपासून मोजलं, तेव्हा रुपया वधारून डॉलर चाळिशीच्या खाली आला होता, तर वाढ साडेसहा टक्के निघते. आणि २००० सालापासून मोजलं, तेव्हा भाव पावणेपंचेचाळीसच्या आसपास होता, तर फक्त अडीच टक्के. चलन तेच, आजचा भावही तोच, पण सुरुवात कुठून धरता त्यावर उत्तर अडीच की साडेसहा हे ठरतं. आपल्याला सोयीचं साल निवडायला कोणी अडवत नाही.

मी दिरांना विचारलं, बँका तर वर्षभरानंतरचा डॉलरही विकतात ना, मग त्यांच्या भावावरूनच पुढचा अंदाज का घेऊ नये? ते द्राक्षांच्या पैशांसाठी फॉरवर्ड करतात, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव बँकेशी आजच पक्का करतात. डॉलर-रुपयाच्या वर्षभराच्या फॉरवर्डवर तेव्हा सहा-सात टक्के प्रीमियम होता. ते म्हणाले, "तो बँकेचा अंदाज नाही, वहिनी. आपल्याकडचं व्याज आणि तिकडचं व्याज, ह्यातला फरक आहे तो. बँक काही ज्योतिषी नाही." ते खरं निघालं: पुढच्या दहा वर्षांत डॉलर वर्षाला सव्वातीन टक्क्यांच्या आसपास वाढला. मी सहा-सात धरले असते तर बचतीचा आकडा बघूनच हात टेकले असते. शिवाय दहा वर्षांपुढचा फॉरवर्ड आपल्यासारख्यांना कोणी देत नाही. तो व्यापाऱ्याला चार-सहा महिन्यांत मिळायच्या पैशांसाठी असतो.

शेवटी डॉलरच्या वाढीच्या तीन वाटा मांडल्या. मधली ३ टक्क्यांची, जिच्यावर मासिक रक्कम ठरवली. वाईट ५ टक्क्यांची, जिथे एकूण फी साडेसत्तावन्न लाखांवर जात होती. आणि बरी दीड टक्क्याची, जिथे चाळीस लाखांत काम होत होतं. वाईट वाट मी घरात कोणाला दाखवली नाही.

दुसऱ्या वर्षाची फी वर्षभर उशिरा द्यायची असल्याने ऑगस्ट २०२५ला हातात साधारण ४५ लाख हवे होते. परतावा कर जाऊन ८ टक्के धरला. सुरुवातीला अर्धे पैसे माझ्या पीपीएफ खात्यात जाणार होते. ते २००९ साली उघडलेलं होतं आणि बरोबर एप्रिल २०२५मध्ये पिकत होतं. उरलेले इक्विटी फंडाच्या एसआयपीत. सुरुवात महिना १६,७५० रुपयांनी, आणि दर जुलैत त्यात दहा टक्के वाढ. ही वाढ सोडून सरळ एकच रक्कम ठेवली असती तर पहिल्याच महिन्यापासून चोवीस-पंचवीस हजार लागले असते, ते तेव्हाच्या पगारात शक्य नव्हतं. पगार वाढेल तशी बचत वाढवायची, असं ठरलं.

आता चूक सांगते.

२०१६च्या जुलैत दहा टक्के वाढवले, १८,४२५ झाले. २०१७चा जुलै आला तेव्हा डॉलर साडेचौसष्ट होता. माझ्या शीटमध्ये त्या ओळीत ६७.४ लिहिलेलं होतं. म्हणजे मी धरलेल्या वाटेपेक्षा डॉलर जवळजवळ तीन रुपयांनी स्वस्त. स्वयंपाकघराची फरशी बदलायची होती, ओट्याचा काळा कडाप्पा तडकला होता. मी ह्यांना म्हटलं, डॉलर दोन वर्षांत कुठे गेलाच नाही, यंदाची वाढ राहू दे. महिन्याला अठराशे चाळीस रुपयांचा तर प्रश्न होता. जानेवारी २०१८मध्ये भाव पुन्हा साडेत्रेसष्टावर आला, मी सुरुवात केली होती अगदी तिथेच. मला माझ्या शहाणपणाचं कौतुकच वाटलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉलर चौऱ्याहत्तरला गेला. नऊ महिन्यांत दहा रुपये.

नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात, म्हणून शाळेत असताना आम्हाला वाटायचं की रुपया आमच्या गावचा आहे, तो किती किमतीचा ते आमच्याकडेच ठरत असेल. त्या ऑक्टोबरमध्ये त्याची आठवण झाली.

मी शीट उघडून मोजलं की ती एक वाढ चुकवण्याची किंमत किती. माझी समजूत होती की एका वर्षाचे बावीस हजार कमी पडले, ते कधीतरी भरू. पण पुढच्या प्रत्येक वर्षाचे दहा टक्के त्या कमी रकमेवरच चढत गेले होते. एक पायरी खाली राहिले, आणि वरची प्रत्येक पायरी तेवढीच खाली सरकली. २०२५पर्यंत त्या एका जुलैची किंमत तीन लाख पस्तीस हजार होत होती. आधी विश्वास बसला नाही, सूत्र दोनदा तपासलं.

भरून काढायचं तर एकाच वेळी वीस टक्के वाढवायला हवे होते. तेव्हा घरात सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं होतं. ते जमलं नाही.

चूक फक्त खर्च केल्याची नव्हती, विचाराची होती. मी रुपयांत बचत करत होते. रुपयांत साठवणाऱ्याला मधल्या वर्षांत डॉलरचा भाव काय होता याने काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त ज्या दिवशी फी भरायची त्या दिवशीच्या भावाने. २०१७मध्ये डॉलर स्वस्त होता, पण मी तेव्हा डॉलर विकत घेतले नव्हते. मग त्या स्वस्ताईतला एक रुपयाही माझा कसा? डॉलर शांत असण्याची बक्षिसी मी घेतली, जी मला कोणी दिलेलीच नव्हती.

त्यानंतर एक नियम केला, तो आजही शीटच्या पहिल्या ओळीत लिहिलेला आहे: दर जुलैत बाजारभाव आणि माझ्या वाटेवरचा भाव, दोन्हींपैकी जो जास्त तो घ्यायचा. बाजारभाव कमी असेल तर वाटेवरच चालत राहायचं, काही कमी करायचं नाही. बाजारभाव वर गेला असेल तर त्या दिवसापासून नवी वाट काढायची, ३ टक्के त्या वरच्या भावावर लावायचे. दिरांना हे एकतर्फी वाटलं. "म्हणजे तुम्ही कायम जास्तच साठवणार," ते म्हणाले. हो. जास्त साठलं तर मुलीच्या खर्चाला होईल. कमी पडलं तर ऑगस्टमध्ये धावाधाव होते, तेव्हा उसने मागायला माझ्याकडे फक्त पिंपळगाव आहे, आणि त्यांची बाग अवकाळीत सापडली असेल तर तेही नाही.

२०१९मध्ये त्यांच्याच सल्ल्याने थोडी रक्कम, एसआयपीचा पाचवा हिस्सा, अमेरिकी निर्देशांकात गुंतवणाऱ्या फंडात वळवली. विचार बरोबर होता: ज्या चलनात देणं आहे त्याच चलनात काही पैसे असले, तर डॉलर चढेल तेव्हा फंडही चढेल. पण फेब्रुवारी २०२२मध्ये देशातल्या म्युच्युअल फंडांची परदेशी गुंतवणुकीची एकूण मर्यादा भरत आली आणि नवे पैसे घेणं थांबवावं लागलं, त्यात माझी एसआयपीही थांबली. त्याच वर्षी डॉलर जवळपास दहा टक्के चढला आणि अमेरिकेचा बाजार सुमारे वीस टक्के पडला. म्हणजे ज्या वर्षी त्या फंडाने सांभाळून घ्यायला हवं होतं, नेमकं तेव्हाच त्याने हात वर केले. पुढे तो सावरला. पण डॉलरचं जोखीमकवच म्हणून शेअरबाजार घेतला की शेअरबाजाराची जोखीम फुकट मिळते, हे कळलं. २०२३च्या मध्यापासून मी दर तिमाहीला थोडं थोडं करून इक्विटीतलं मुदत ठेवीत आणलं. भरण्याची तारीख दोन वर्षांवर आली की परताव्याचा मोह धरायचा नाही, एवढं मी ठरवलेलं होतं.

मुलीला गेल्या वर्षी मार्चमध्ये प्रवेश मिळाला, २०१५च्या त्याच तीन विद्यापीठांपैकी एकात. फी-पत्रक आलं: वर्षाला २७,४०० डॉलर, सहामाहीला १३,७००. माझा अंदाज होता २६,६४४. म्हणजे चार नव्हे, जवळपास ४.३ टक्क्यांनी वाढत गेली होती. कोविडच्या वर्षी त्यांनी फी गोठवली होती आणि पुढच्या दोन वर्षांत ती कसर भरून काढली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बँकेत गेले. टीव्हीवर डॉलर साडेसत्त्याऐंशी होता, बँकेने लावला साडेअठ्ठ्याऐंशी. टीव्हीवरचा भाव बँकाबँकांमधला असतो, आपल्याला तो कधीच मिळत नाही, हे माहीत असूनही दहा वर्षांत मी शीटमध्ये बँकेचा तो एक रुपया धरलाच नव्हता. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरला, त्यात उद्देशाचा कोड S0305 टाकला, प्रवेशपत्र आणि फीचं बिल जोडलं. १२ लाख साडेबारा हजार गेले. रूपांतरावर हजारभर रुपये जीएसटी. आणि दहा लाखांवरच्या रकमेवर बँकेने आधीच कापलेला कर, टीसीएस, तेव्हाच्या दराने पाच टक्के, म्हणजे साधारण १०,६०० रुपये. हा कर आपल्या आयकरात वळता होतो, पण परतावा मिळेपर्यंत पैसे खिशातूनच जातात.

इथे एक गोष्ट उपयोगी पडली. दहा लाखांची ही सूट प्रत्येक आर्थिक वर्षाला आणि पाठवणाऱ्याच्या पॅनला असते. जानेवारीची फीही त्याच आर्थिक वर्षात येते. ती माझ्याच खात्यातून भरली असती तर सूट ऑगस्टमध्येच संपलेली, त्यामुळे पूर्ण रकमेवर पाच टक्के, म्हणजे बासष्ट हजारांवर टीसीएस कापला गेला असता. म्हणून दुसरी फी ह्यांच्या खात्यातून, ह्यांच्या पॅनवर भरली. बारा हजार तीनशेवर भागलं. राहण्या-खाण्याचा खर्च मुलीच्या नावावरच्या शैक्षणिक कर्जातून जातो आणि अशा कर्जाच्या पैशांवर एप्रिल २०२५पासून टीसीएस नाही, म्हणून तो भाग वेगळा ठेवला.

जानेवारीचा भाव मात्र जिव्हारी लागला. डिसेंबरमध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली होती. बँकेने मला ९१ लावला. १३,७०० डॉलरचे १२ लाख ४७ हजार. पाच महिन्यांत एकाच रकमेला चौतीस हजार जास्त. माझ्या शीटमध्ये वर्षाला एक भाव होता, पण फी वर्षातून दोनदा भरायची असते. दहा वर्षं ही ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती.

त्या रात्री पहिल्या वर्षाचा जमाखर्च केला. धरलेले २२ लाख ७४ हजार, गेलेले २४ लाख ५९ हजार. एक लाख पंच्याऐंशी हजारांचा फरक. तो फोडून बघितला: फी अंदाजापेक्षा जास्त वाढली त्याचे पासष्ट हजार, बँकेच्या त्या एका रुपयाचे सत्तावीस हजार, आणि उरलेले त्र्याण्णव हजार डॉलर खरोखर वाटेपेक्षा वर गेला त्याचे. सगळा दोष रुपयावर टाकायची सवय असते आपल्याला, पण अर्धा हिशोब त्याच्या वाट्याचा नव्हताच.

आता दुसरं वर्ष. शीटमधली जुनी ओळ म्हणते २४ लाख ३६ हजार. नियमाप्रमाणे ती खोडली आणि वर गेलेल्या बाजारभावावरून नवी वाट काढली. फी ४.३ टक्क्यांनी वाढवून सहामाहीला १४,२९० डॉलर, बँकेचा रुपया धरून ऑगस्टला ९३.५० आणि पुढच्या जानेवारीला ९५. होतात २६ लाख ९४ हजार. वाईट वाटेने, ९८ आणि १०१ धरून, साडेअठ्ठावीस लाखांच्या घरात. ऑगस्ट २०२५ला माझ्याकडे साडेत्रेचाळीस लाख जमले होते. त्यातून पहिलं वर्ष जाऊन, व्याज आणि चालू एसआयपी धरून पुढच्या ऑगस्टपर्यंत चोवीस लाख होतील. म्हणजे तीन लाख कमी, वाईट वाटेने साडेचार.

ती तीन लाखांची तूट बघितल्यावर मला आकडा ओळखीचा वाटला. स्वयंपाकघरातला ओटा आता आठ वर्षांचा आहे, ग्रॅनाइटचा, चांगला आहे.

मुलीला फोनवर सांगितलं की कर्जाची मर्यादा थोडी वाढवून घ्यावी लागेल. ती म्हणाली, ग्रंथालयात आठवड्याला वीस तासांचं काम मिळतंय, त्यातून राहण्याचा काही खर्च निघेल, तेवढं कर्ज फीकडे वळवता येईल. मी शीटमध्ये तिच्या पगाराची ओळ घातली, डॉलरमध्ये. दहा वर्षांत पहिल्यांदाच असं झालं की एका रकान्यात डॉलर महागला की आकडा आमच्या बाजूने वाढतो.